बारक्याचा ताप, मुगाचं कढण आणि एक वही

रत्नागिरीच्या हॉस्टेलात माझं तिसरं वर्ष होतं आणि बारक्याचं पहिलं. नाव वेगळं, पण मजल्यावर सगळ्यांत लहान म्हणून तो बारक्या. घर लातूरकडे. पहिल्याच आठवड्यात त्याने मला ‘दादा’ म्हणायला सुरुवात केली आणि नातं तिथेच ठरलं. जुलैत, पाऊस धरून बसलेला असताना, रविवारी रात्री तो जेवणाच्या ताटावरून उठला. “दादा, गिळताना काटा टोचल्यासारखं होतंय.” हात लावला तर अंग चटका बसेल असं.

या वर्षी नव्याने हॉस्टेलात येणाऱ्यांसाठी त्या दिवसांत मी काय केलं, काय चुकलं, ते लिहितो. घरी आई असते. इथे शेजारच्या कॉटवरचा मुलगा असतो, आणि त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं.

पहिली चूक त्याच रात्री झाली. मी त्याला गरम पाणी पाजलं आणि लगेच थर्मामीटर तोंडात दिला. आकडा 103 च्या वर. मी हादरलो. मेसच्या मावशी म्हणाल्या, “अरे, आत्ता गरम प्यायलाय ना तो? अर्ध्या तासाने बघ.” अर्ध्या तासाने 101.6 होता. तोंडात मोजायचं तर आधी काही गरम किंवा गार पोटात गेलेलं नको. काखेत मोजलं तर आकडा थोडा कमी येतो, म्हणून जागा एकच ठरवा आणि रोज तिथेच मोजा. मी काख ठरवली आणि एका वहीत वेळ, ताप, गोळी, किती वाट्या पोटात गेल्या आणि लघवी किती वेळा झाली, हे लिहायला लागलो. पुढे त्या वहीने फार काम केलं.

गोळी म्हणजे साधी पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅमची. दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवलं. सोमवारी सकाळी शेजारच्या खोलीतला एकजण सर्दीच्या गोळीचं पाकीट घेऊन आला. पाकिटावर बारीक अक्षरात वाचलं तर त्यातही पॅरासिटामॉल होतंच. दोन्ही दिल्या असत्या तर डोस नकळत दुप्पट झाला असता, आणि जादा पॅरासिटामॉल यकृताला झेपत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यू असतो, म्हणून अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन वगैरे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आता कढण. मी आधी किटलीत तयार सुपाचं पाकीट ढवळलं. त्यात मिरपूड इतकी की पहिल्या घोटाला बारक्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने वाटी बाजूला सारली. कोकणातला माणूस पटकन आमसुलाचं सार सुचवतो, पण सोललेल्या घशाला आंबट झोंबतं. तिखटाचंही तेच. मावशींनी रात्री जेवणं आटोपल्यावर शेगडी मोकळी करून दिली आणि स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. मूठभर मूगडाळ, अर्धी मूठ तांदळाची कणी, पाच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, आल्याची एक चकती. कुकरच्या चार शिट्ट्या. मग आलं काढून टाकायचं, रवीने घुसळायचं, गाळायचं, मीठ आणि अर्धा चमचा तूप. “दाण्याचा एक कण राहता कामा नये, आणि पळीवरून धार सरळ पडली पाहिजे,” मावशी म्हणाल्या. दाट झालं तर गिळायला जोर लागतो आणि तिथेच माणूस नको म्हणतो.

तरीही पहिल्या दिवशी तो दोन घोटांपुढे जाईना. मी रागावलो, आणि ते चुकलंच माझं. वही चाळल्यावर कळलं की मी कढण देत होतो गोळीच्या आधी, म्हणजे घसा सगळ्यांत जास्त दुखत असताना. मंगळवारपासून क्रम बदलला. आधी गोळी, मग अर्धा-पाऊण तास थांबायचं. दुखणं उतरलं की कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. मग कढण, कोमट, चमच्याने, एका वेळी फक्त अर्धी वाटी. संपलं की आग्रह करायचा नाही. तासाभराने पुन्हा अर्धी. सोमवारी दिवसभरात दीड वाटी गेली होती, मंगळवारी सात. मधल्या वेळात ओआरएस, पाकीट लिटरभर पाण्यात पूर्ण ओतून. अर्धं पाकीट अंदाजे पेल्यात टाकलं की प्रमाण बिघडतं. सकाळी गडद पिवळी असलेली लघवी संध्याकाळी फिकी झाली, तेव्हा माझा जीव जरा खाली आला.

एका मित्राकडे मागच्या आजारातल्या चार अँटिबायोटिक कॅप्सूल उरल्या होत्या. “दे ना, उतरेल,” म्हणाला. मी दिल्या नाहीत. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूची असते. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, आणि चालणार असेल तरी चार कॅप्सूल पुरत नाहीत.

पण थांबायचं म्हणजे डोळे मिटून थांबायचं नाही. बुधवारी सकाळी त्याला खिडकीशी बसवलं, मोबाइलच्या टॉर्चने घसा बघितला. टॉन्सिल लालबुंद, त्यावर पांढरे ठिपके. जबड्याखाली गाठी, दाबल्यावर दुखणाऱ्या. ताप अजून 101 च्या आसपास. आणि वहीत तीन दिवसांत खोकला किंवा नाक वाहिल्याची एकही नोंद नव्हती. खोकला, वाहतं नाक, बसलेला आवाज असेल तर विषाणूचा संशय जास्त. ते नसून ठिपके, गाठी आणि ताप असेल तर जिवाणूचा. आम्ही रिक्षा केली.

डॉक्टरांनी वही पहिल्यापासून वाचली. मग विचारलं, चिखलात, साचलेल्या पाण्यात अनवाणी फिरलास का? पोटऱ्या दुखतात का? कोकणात पावसाळी तापात लेप्टोची शंका काढून टाकावी लागते. मलेरिया-डेंग्यूसाठीही रक्त घेतलं, ते नीट निघालं. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, हे बारक्याला माहीत नव्हतं. तिथूनच घरी फोन लावला, नव्हती. तुम्ही आजच घरी विचारून ठेवा. जिवाणूचाच घसा म्हणून त्यांनी दहा दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि मला बजावलं: थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, घशाची एकच बाजू सुजली किंवा श्वास लागला, तर रात्री-अपरात्री सरळ दवाखान्यात आणायचं.

शुक्रवारी ताप गेला आणि खरी कसोटी सुरू झाली. “दादा, बरा झालोय, कशाला गोळ्या?” असा घसा अर्धवट उपचारावर सोडला तर काहींना पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते, हे डॉक्टरांनी सांगितलेलं मी त्याला दोनदा सांगितलं. ऐकून घ्यायचा आणि विसरायचा. शेवटी कॅप्सूल माझ्या उशीखाली ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ समोर उभं राहून दिल्या.

वहीतली शेवटची नोंद दहाव्या रात्रीची आहे: “शेवटची कॅप्सूल, 9.10. ताप नाही. दोन भाकऱ्या, सुकटीची चटणी. मावशींकडे तिखट वाढवून मागितलं.”