कोशाचं माहितीपत्रक छापायला टाकण्याआधी: कागद बदलला की फाइल बदला

गेल्या वर्षी आमच्या बचत गटाच्या कोसा रेशमाचं आठ पानी माहितीपत्रक मी केलं आणि ते बिघडलं. हजार प्रती नागपूरहून एसटीनं भंडाऱ्याला आल्या. गठ्ठा सोडला आणि मागावर बसलेल्या आजींचा फोटो पाहून ताई म्हणाल्या, "काहून बाई, हे इतकं काळं काहून आलं?" फोटोत माग होता, आजी होत्या, पण त्यांचे हात दिसत नव्हते. धोटा धरलेली बोटं, मागाच्या खड्ड्यातली सावली आणि पायातली पावडी, सगळ्याचा मिळून एक तपकिरी डाग झाला होता. यंदा पुन्हा तेच काम आलं आहे, म्हणून ही यादी.

पानांची संख्या, मजकूर, फोन नंबर, कडेला ३ मिलिमीटर जादा जागा, फोटो ३०० पीपीआय. हे सगळ्यांना माहीत असतं.

सगळ्यात आधी कागद ठरवा. फोटो उघडण्याच्याही आधी. माझं इथेच चुकलं होतं. मी फोटो आर्ट पेपरसाठी तयार केले, फाइल पाठवली, आणि छपाईला दोन दिवस उरले असताना गटात ठरलं की चकचकीत कागद सेलच्या पत्रकासारखा दिसतो, कोसा नैसर्गिक आहे तर कागदही तसाच हवा. मी प्रेसला फोन करून नॅचरल शेडचा मॅपलिथो लावायला सांगितलं. कागद बदलला, फाइल तीच राहिली. नंतर प्रेसवाले म्हणाले, "ताई, फाइल जशी आली तशी लावली ना आम्ही." त्यांचं बरोबर होतं. कागद बदलला की फाइल बदला.

असं का होतं हे समजून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी घाईत पुन्हा तेच होईल. ऑफसेटमध्ये फोटो म्हणजे बारीक ठिपके. आर्ट पेपरवर खडूसारख्या मातीचा गुळगुळीत लेप असतो, तो शाईला वरच धरून ठेवतो. मॅपलिथोला लेप नसतो. शाई धाग्यांत उतरते, ठिपका पसरतो, आणि धाग्यांमध्ये उजेड इकडेतिकडे फिरून तो ठिपका आणखी मोठा भासतो. नीट चालणाऱ्या मशीनवर फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका आर्ट पेपरवर साधारण ६५ दिसतो आणि मॅपलिथोवर ७२च्या आसपास जातो. उजेडातल्या फोटोला हे खपून जातं. आमच्या मागाच्या खोलीत एकच खिडकी आहे. तिथल्या फोटोचा जीव ६० ते ९० टक्क्यांच्या सावल्यांत असतो, आणि नेमक्या त्याच सावल्या एकमेकींत मिसळतात.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. छापलेला काळा किती गडद आहे हे घनतेच्या आकड्यानं मोजतात. चकचकीत आर्टवर तो आकडा १.८च्या जवळ जातो, मॅट आर्टवर थोडा खाली राहतो, मॅपलिथोवर १.२च्या आसपास थांबतो. आकड्यांत फरक लहान दिसतो, पण या मापात ०.३ उतरले की परत येणारा उजेड दुप्पट होतो. म्हणजे मॅपलिथोवरचा काळा चकचकीत कागदावरच्या काळ्यापेक्षा चौपट उजेड परत फेकतो. तो राखाडीच वाटणार. वरून शाई वाढवून तो गडद होत नाही. शाई मुरते, मागच्या बाजूला दिसते, वाळत नाही. तिथे दोन टोकांमधलं अंतरच कमी आहे, आणि तेवढ्या अंतरात सगळा फोटो बसवावा लागतो. हे बसवणं फाइलमध्ये करायचं असतं, मशीनवर नाही.

मॅट आणि चकचकीत यांत बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून सांगते. मॅट आर्टलाही लेप असतोच, फक्त तो घोटलेला नसतो. चकचकीत कागद आरशासारखा उजेड एकाच दिशेला फेकतो. ती दिशा चुकवून पाहिलं तर काळा खोल दिसतो, लाल-हिरवे भरून दिसतात, पण ट्यूबलाइटखाली धरला की फोटोवर पांढरा पट्टा येतो. मॅट तोच उजेड सगळीकडे पसरवतो. पट्टा येत नाही, पण थोडा पांढरेपणा सगळ्या फोटोवर चढतो, म्हणून काळा किंचित मवाळ होतो. ठिपके मात्र दोन्हींवर जवळपास सारखेच वागतात. त्यामुळे चकचकीतवरून मॅटवर किंवा उलट जायचं असेल तर एकच फाइल चालते. लेप असलेल्या कागदावरून बिनलेपाच्या कागदावर गेलात की ती चालत नाही. ही रेघ लक्षात ठेवा. ही ओलांडली की फाइल बदला.

आता नमुने मागा. कोरे कागद मागू नका, त्यावरून काही कळत नाही. तिन्ही कागदांवर त्याच प्रेसनं आधी ऑफसेटवर छापलेले, रद्दीत जाणारे फोटोवाले ताव मागा. फुकट मिळतात. ते घरी आणून दिवसा ओसरीवर, थेट ऊन पडत नाही अशा जागी, शेजारी शेजारी ठेवा. प्रत्येकावरचा सगळ्यात काळा भाग शोधा आणि त्या काळ्याच्या आत काही दिसतं का ते पाहा: केसांच्या बटा, झाडाच्या सालीच्या भेगा. मग ताव हळूहळू तिरपे करा. भिंग असेल तर लावा, मॅपलिथोवर ठिपक्यांच्या कडा फुटलेल्या दिसतील. शेवटी तिन्ही कागदांचा न छापलेला कोपरा एकाखाली एक धरा. छपाईत पांढरी शाई नसते, कागदाचा रंग हाच तुमचा पांढरा. माझ्या नॅचरल शेडनं साडीची फिकट कोशी छटा पिवळट केली, आणि नुकत्याच आणलेल्या कोषांचा राखाडी-बदामी रंग जुन्या गोणपाटासारखा झाला.

डिजिटल मशीनवर काढलेल्या नमुन्यावर विसंबू नका. टोनर कागदात मुरत नाही, वरच बसतो. मला मॅपलिथोवरचं डिजिटल पान दाखवलं गेलं असतं तर मी हो म्हटलं असतं आणि तरी फसले असते.

फोटोही तसेच निवडून घ्या. आमच्याकडे तीन जातींचे होते. ऐनाच्या झाडावर लटकलेले कोष, सकाळच्या उजेडात: हा तिन्ही कागदांवर चालतो, मॅपलिथोवर तर कोषाचा खरबरीतपणा छान येतो. पळसाच्या फुलांच्या रंगातलं केशरी सूत: लेपाच्या कागदावर पेटल्यासारखं दिसतं, मॅपलिथोवर विटकरीकडे झुकतं. आणि मागावरचा अंधारा फोटो, ज्याला मॅपलिथो मानवत नाही. कोशाची झळाळीही याच हिशेबात येते. ती वेगळा रंग नसते. चुणीच्या माथ्यावरचा उजेड आणि तिच्या पोटातली सावली यांतल्या अंतरालाच डोळा झळाळी म्हणतो. अंतर आक्रसलं की रेशीम सुती दिसतं. साडी विकायची असेल तर हे परवडत नाही. म्हणून यंदा आतली पानं १३० जीएसएम मॅट आर्ट. मागणीपत्राची चिठ्ठी तेवढी मॅपलिथोवर, कारण त्यावर पेन आणि शिक्का नीट उठतो.

आता फाइल. RGB मधली मूळ फाइल जपा, तिच्यावर काही करू नका. प्रत काढा. फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom उघडा. मॅट किंवा चकचकीत असेल तर Coated FOGRA39, मॅपलिथो असेल तर Uncoated FOGRA29 निवडा, प्रेसनं स्वतःचं प्रोफाइल दिलं असेल तर तेच. Simulate Paper Color वर खूण करा. खूण करताना क्षणभर नजर दुसरीकडे ठेवा, कारण डोळ्यांदेखत फोटो मलूल होतो आणि मग तो नीट असूनही वाईटच वाटत राहतो. आता हाताची बोटं दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर Curves मध्ये फक्त गडद सावल्यांचा भाग वर उचला, पुन्हा पाहा. जमलं की Edit > Convert to Profile. Assign Profile नाही, त्यानं आकडे बदलत नाहीत, फक्त चिठ्ठी बदलते. शेवटी Info मध्ये Total Ink लावून सगळ्यात काळ्या जागी कर्सर न्या. आर्टवर ३०० ते ३३०पर्यंत चालतं, मॅपलिथोवर ३००च्या खालीच ठेवा, आणि प्रेसला त्यांची मर्यादा विचारा.

आणि मध्येच कुणी म्हणालं की कागद बदलू, तर CMYK झालेली फाइल पुन्हा फिरवू नका. मूळ RGB काढा आणि पहिल्यापासून करा. एका संध्याकाळचं काम आहे. वीज गेली तर दोन संध्याकाळींचं. छपाई एक दिवस पुढे जाऊ द्या. कागद शिल्लक नाही म्हणून प्रेसनं स्वतःहून बदलायचं ठरवलं तरी हेच. म्हणून ऑर्डरच्या कागदावर कागदाचं नाव, जीएसएम, मॅट की ग्लॉस, हे लिहून घ्या आणि खाली लिहा: न विचारता बदलू नये. फाइलच्या नावातही कागद लिहा, `kosa_matt130.pdf` असं. मी गेल्या वर्षी `final2.pdf` पाठवली होती, त्या नावावरून कुणाला काय कळणार?

छपाईच्या दिवशी जमलं तर जा. पहिले चांगले ताव निघाले की अंधारा फोटो दारात उजेडाला नेऊन पाहा. शाई जास्त वाटली तर तेव्हाच बोला.

मॅटवर गडद पान समोरच्या पांढऱ्या पानाला घासून काळं करतं, मुखपृष्ठावर लॅमिनेशन आणि आतल्या गडद पानांवर वार्निश विचारा. मॅट लॅमिनेशननं रंग आणखी मवाळ होतो, तेही नमुन्यावर पाहा. जाड कागदाला घडीआधी क्रीझ मारायला सांगा. पावसाळ्यात वाळायला जादा दिवस धरा. गठ्ठे घट्ट बांधा, एसटीच्या टपावर देऊ नका.

आणि छापायला सांगण्याआधी पीडीएफ कोणत्या कागदासाठी केली होती ते एकदा ऑर्डरशी ताडून पाहा.