व्हिडिओवरून स्टॉक मोजताना काय दिसतं आणि काय दिसत नाही

रिमोट ऑडिटला नवीन लागलेल्या मुलांना वाटतं की कॉल लावायचा, समोरचा गोडाऊन फिरवून दाखवतो, आपण चार स्क्रीनशॉट फाईलला लावायचे आणि झालं काम. खरं तर हे काम गोडाऊनमध्ये उभं राहून मोजण्यापेक्षा जास्त डोकं खातं, कारण तिथे मान वळवली की पलीकडचं दिसतं, इथे समोरचा दाखवेल तेवढंच दिसतं. म्हणून पहिला नियम, कॅमेरा कुठे जाणार हे आपण ठरवायचं. डावीकडे घ्या, थांबा, त्या रांगेच्या मागे जा, वरचा बॉक्स उघडा, असं सतत सांगत राहायचं, सुरुवातीला ऑकवर्ड वाटतं पण सवय होते.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. आयएसए ५०१ या आंतरराष्ट्रीय ऑडिट स्टँडर्डप्रमाणे स्टॉकची रक्कम मोठी असेल तर ऑडिटरने मोजणीला हजर राहायचं असतं, ते शक्यच नसेल तरच दुसरे मार्ग. लांब पडतं, खर्च होतो, वेळ नाही ही कारणं चालत नाहीत. त्यामुळे व्हिडिओ का वापरला हे वर्किंग पेपरमध्ये नीट लिहावं लागतं, नाहीतर रिव्ह्यूला पहिला प्रश्न तोच येतो.

तयारीत दोन गोष्टी. कॉलच्या आधी गोडाऊनचा नकाशा आणि स्टॉक शीट मागवा, पण कुठले आयटम तपासणार ते सांगू नका. आणि फीड सलग पाहिजे, गेटपासून सुरू, मध्ये कट नाही. नेट गेलं तर परत जोडल्यावर आधी मोजलेल्या एकदोन रांगा पुन्हा बघा, मग पुढे जा. जमलं तर दुसरा फोन गेटवर लावून ठेवा, म्हणजे मोजणी चालू असताना माल आत-बाहेर होतोय का ते कळतं, आणि एकच माल इथून उचलून तिकडे दुसऱ्यांदा दाखवायला फारसा वाव राहत नाही.

आता एक केस सांगतो, यात बऱ्यापैकी सगळं येतं. वर्षाचा शेवटचा दिवस, शीटवर एका मालाचे ४० पॅलेट, प्रत्येकावर ४८ बॉक्स, म्हणजे १९२० बॉक्स. कॅमेऱ्यात समोर १० पॅलेट रुंद आणि २ उंच अशी भिंत दिसतेय, गोडाऊनवाला म्हणतो मागे अजून एक अशीच रांग आहे, झाले ४०. दिसतात फक्त २०, बाकीचे २० तो सांगतोय म्हणून आहेत. इथे थांबायचं आणि म्हणायचं की मागची रांग दाखवा. भिंतीला लागून आहे, जाता येत नाही, असं उत्तर येतंच. मग फोन लांब काठीला बांधून वरून धरायला सांगा (फोर्कलिफ्टच्या काट्यावर माणूस चढवू देऊ नका, उत्साहात करतात लोक) आणि तरी नीट दिसत नसेल तर पुढचे दोनतीन पॅलेट बाहेर काढायला लावा. वरून बघितल्यावर मागच्या रांगेत खाली १० होते पण वर ६ च, म्हणजे एकूण ३६, बॉक्स १७२८, फरक १९२ चा.

कारण सांगितलं गेलं की ४ पॅलेट काल संध्याकाळी गाडीत गेले, इन्व्हॉइस उद्या होणार आहे. हे खरंही असू शकतं, पण त्यासाठी कागद लागतो. गेट रजिस्टर कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा, फक्त ती एक ओळ नाही तर आधीची आणि नंतरची पानंही, नोंदी क्रमाने आहेत का, मध्येच कुठे कोंबून लिहिलंय का ते बघा. शेवटच्या डिस्पॅच चलानचा नंबर लगेच टिपून घ्या, नंतर इन्व्हॉइसशी जुळवायला तोच कामाला येतो. या केसमध्ये गाडीची नोंद होती, आणि माल मिळाल्याची पोच आम्ही ग्राहकाकडून थेट मागवली, कंपनीमार्फत नाही. माल ग्राहकाच्या दारात पोचल्यावरच त्याचा होणार अशी डीलची अट होती आणि तो पोचला नवीन वर्षात, त्यामुळे वर्षअखेरीला ते १९२ बॉक्स कंपनीचेच होते, फक्त रस्त्यात होते. आकडा बदलला नाही!

पण माझ्या मते खरा मुद्दा पुढचाच आहे. मोजणी शीटवर गोडाऊनमध्ये ४० पॅलेट मोजले अशी सही होती, आणि मोजले असते तर ३६ च आले असते. म्हणजे कोणीतरी सिस्टिममधला आकडा बघून शीट भरली. मग बाकीच्या ओळींवर तरी विश्वास कसा ठेवायचा, म्हणून आम्ही सॅम्पल वाढवलं आणि दोन्ही बाजूंनी घेतलं, शीटवरून जमिनीवर आणि जमिनीवरून शीटवर. पहिल्याने नसलेला माल दाखवलाय का ते कळतं, दुसऱ्याने असलेला माल लपवलाय का ते.

कागदांचं सांगायचं तर स्कॅन आणि फोटो हे ओरिजिनलपेक्षा कमजोर पुरावा, हे डोक्यात पक्कं ठेवा. बँक स्टेटमेंटची पीडीएफ आली की प्रत्येक ओळीचा बॅलन्स स्वतः बेरीज-वजाबाकी करून बघा, एडिट केलेल्यात एक रक्कम बदलतात आणि पुढचा बॅलन्स बदलायचा विसरतात. स्क्रीन शेअरवर बँकेचं पेज दाखवलं तर पेज रिफ्रेश करायला लावा, कारण ब्राउझरमध्ये आकडा दोन क्लिकमध्ये बदलता येतो आणि रिफ्रेश केला की मूळचा परत येतो. तरी मशीन त्यांचंच असतं हो, त्यामुळे बॅलन्स कन्फर्मेशन बँकेकडूनच थेट आपल्याला आलं पाहिजे, आणि कुठल्या पत्त्यावर मागवायचं तो पत्ता क्लायंटने दिलेला नाही तर आपण स्वतः शोधलेला. मिळालेल्या फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठशासारखा कोड, काढून ठेवतात काहीजण, चांगली सवय आहे, पण त्याने फाईल नंतर बदलली नाही एवढंच सिद्ध होतं, आली तेव्हाच खोटी असेल तर हॅश काय करणार.

त्याच गोडाऊनमध्ये केमिकलचे ६० ड्रम होते, प्रत्येकी २०० लिटर. लेबल दिसलं, सील दिसलं, काही ड्रम काट्यावर ठेवून वजनही दाखवलं, आधी काटा रिकामा करून शून्य येतंय का ते बघितलं. पण आत तेच केमिकल आहे की पाणी, खराब झालंय का, वास येतोय का, हे वजनावरून फारसं कळत नाही आणि व्हिडिओत तर अजिबात नाही. माल कंपनीचाच आहे की दुसऱ्याचा ठेवायला आलाय हेही कॅमेरा सांगत नाही, ते खरेदीच्या कागदांवरून आणि पुरवठादाराच्या थेट उत्तरावरून बघावं लागतं. रक्कम मोठी होती म्हणून शेवटी त्या गावातल्या दुसऱ्या ऑडिटरला पाठवलं, त्याने आमच्याच यादीतले ड्रम उघडून सॅम्पल सील करून लॅबला दिले. वर्किंग पेपरमध्ये आम्ही तसंच लिहिलं, व्हिडिओवर ड्रमची संख्या, लेबल आणि वजन बघितलं, आतला माल नाही.