पावसाळ्यात ब्रॉयलरची रक्ती हगवण: ओल्या लिटरपासून सुरुवात करा

मुंबईला कोंबड्या पुरवणाऱ्या वसई, पनवेल, कर्जतकडच्या शेडमध्ये जून लागला की कॉक्सिडिओसिस, म्हणजे ही रक्ती हगवण, डोकं वर काढतो. औषध कुठलं द्यायचं हे सगळे विचारतात, पण हा रोग खरा रोखला जातो तो शेडच्या जमिनीवर, तिथे अंथरलेल्या तुसात, म्हणजे लिटरमध्ये.

रोगाचा जंतू म्हणजे आयमेरिया. त्याच्या अनेक जातींपैकी टेनेला ही जात आतड्याच्या शेवटी असणाऱ्या दोन आंधळ्या पिशव्यांत, म्हणजे सीकामध्ये, रक्तस्राव घडवते. विष्ठेतून पडलेली अंडपुटी, म्हणजे या जंतूची कवचबंद अवस्था, लगेच रोग देत नाही. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर ती साधारण एक ते दोन दिवसांत पक्व होते. पावसाळी शेडमध्ये या तिन्ही गोष्टी भरपूर असतात. पक्व पुटी पक्ष्याने टिपली की गिझर्डमध्ये तिचं कवच फुटतं आणि आतले जंतू आतड्याच्या पेशींत शिरून वाढतात. एका पुटीपासून हजारो जंतू तयार होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात.

समजा सोमवारी ड्रिंकर गळला आणि त्याभोवतीचं तूस भिजलं. गुरुवारी पक्ष्यांनी तिथल्या पुट्या टिपल्या. पुढच्या मंगळवारच्या सुमारास विष्ठेत रक्त दिसेल, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांत नव्या पुट्या पडू लागतील. म्हणजे रक्त दिसतं तेव्हा आठवडा उलटलेला असतो. मधल्या काळात ओल तोडणं हाच खरा उपाय.

रोज सकाळी ड्रिंकरखालचं लिटर मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ते जास्त ओलं आहे. गोळा हलकेच विस्कटला तर ठीक. ओला भाग उचलून शेडबाहेर टाका आणि तिथे कोरडं तूस भरा. बाकीचं दाताळ्याने खाली-वर करा. ड्रिंकरची उंची पक्ष्याच्या पाठीच्या रेषेत ठेवा, म्हणजे पाणी सांडणार नाही. गर्दी हेही मोठं कारण आहे. दाटीत विष्ठा जास्त पडते आणि तूस वाळत नाही, म्हणून पावसाळ्यात एका पक्ष्याला किमान एक चौरस फूट जागा द्या. फिनेलसारख्या नेहमीच्या जंतुनाशकांवर भरवसा ठेवू नका, पुटीच्या कवचाला ती पुरी पडत नाहीत.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात पक्षी पंख फुलवून कोपऱ्यात बसू लागले, तुरा फिका पडला, तर मेलेला ताजा पक्षी उघडा. सीका रक्ताने फुगलेली असेल तर शंका उरत नाही. पशुवैद्याच्या सल्ल्याने अॅम्प्रोलियम पाण्यातून द्यावं. साधारण मात्रा ०.०२४ टक्के, तीन ते पाच दिवस. २० टक्क्यांची पावडर असेल तर १०० लिटर पाण्याला १२० ग्रॅम. त्याच वेळी बी-१ जीवनसत्त्व देऊ नका, कारण औषध त्या जीवनसत्त्वाची जागा अडवूनच जंतूला उपाशी ठेवतं. बरेच जण 'ताकद' म्हणून तेच टॉनिक सोबत देतात आणि औषध चालत नाही म्हणतात. खाद्यात सॅलिनोमायसिन हे कॉक्सिडिओसिस रोखणारं औषध असेल तर टियाम्युलिन हे प्रतिजैविक मुळीच नको, दोन्ही एकत्र पक्ष्यांना विषारी ठरतात.

औषध चालू असतानाही ओलं लिटर काढत राहा.