टर्मशीट असो वा लेटर ऑफ इंटेंट, सहीआधी ते कसं वाचावं

टर्मशीट किंवा लेटर ऑफ इंटेंट म्हणजे अंतिम कराराआधी मुख्य अटी लिहून ठेवणारा कागद. 'टर्मशीट बांधते, लेटर ऑफ इंटेंट बांधत नाही' हा सल्ला नव्या उद्योजकांना सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा आहे. कोर्ट शीर्षक पाहत नाही. दोघांना कायदेशीर बंधन पत्करायचं होतं का आणि अटी पुरेशा निश्चित आहेत का, हे पाहतं. म्हणून शीर्षक सोडा आणि 'हा दस्तऐवज बंधनकारक नाही' असं सांगणारं कलम शोधा. ते कलमच नसेल आणि किंमत, हिस्सा, मुदत सगळं ठरलेलं असेल, तर आधी वकिलाकडे जा.

कलम सापडलं तरी पुढचं अर्धं वाक्य वाचा. तिथे बहुधा 'पुढील कलमं वगळता' असं असतं. वगळलेली कलमं सहीच्या दिवसापासून बांधतात: गोपनीयता, ठरावीक मुदतीत दुसऱ्याशी बोलणी न करणं, खर्च कोणी सोसायचा, वाद कुठे आणि कोणत्या कायद्याने सोडवायचा. व्हॅल्युएशन, हिस्सा, संचालकपद हे सहसा बांधत नाही. समजा, 3 कोटींची गुंतवणूक ठरतेय आणि दुसऱ्याशी न बोलण्याची मुदत 45 दिवस आहे. विसाव्या दिवशी तुम्ही दुसऱ्या गुंतवणूकदाराशी बोललात, तर पहिला तुम्हाला 3 कोटी द्यायला बांधील नाही, पण तुमच्याकडून भरपाई मात्र मागू शकतो. ही मुदत कमी करून घ्यायला अजिबात संकोचू नका.

खरी अडचण सहीनंतर सुरू होते, कारण माणसं करार झाल्यासारखी वागू लागतात. ओयो ही हॉटेल कंपनी झोस्टेलचा व्यवसाय घेणार होती. त्यासाठीची 2015 ची टर्मशीट काही कलमं वगळता बंधनकारक नाही, असं तिच्यातच लिहिलं होतं. झोस्टेलच्या भागधारकांना ओयोचे 7 टक्के शेअर्स मिळायचे होते. अंतिम करार झालेच नाहीत. आपण व्यवसाय सोपवला, असं झोस्टेलचं म्हणणं. 2021 मध्ये लवादाने दोघांच्या वागण्यावरून टर्मशीट बंधनकारक ठरवली. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सहीपासून तिथवर साडेनऊ वर्षं गेली!

त्यामुळे अंतिम करारावर सही होईपर्यंत ग्राहकांची यादी, कर्मचारी, पासवर्ड यांतलं काहीही सोपवू नका. समोरच्याने कितीही घाई केली तरी नाही. 'डील फायनल' असा मेल किंवा व्हॉट्सॲप मेसेजही पाठवू नका. तोच उद्या पुरावा म्हणून पुढे येतो. आणि मसुद्यात हे वाक्य घालून घ्या: 'अंतिम करारावर सह्या होईपर्यंत कोणतीही कृती, पत्रव्यवहार किंवा आगाऊ रक्कम यांमुळे, वर बंधनकारक म्हटलेली कलमं सोडून, कोणतंही बंधन निर्माण होणार नाही.'