सल्ला देणाऱ्याला सहा-आठ महिन्यांनी कळवताना या चुका टाळा

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बत्तीस वर्षं शाळामास्तर होतो. आता ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत पोरांसाठी अभ्यासिका चालवतो. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी येऊन बसतं आणि विचारतं, ‘सर, पुढं काय करू?’ मी सांगतो. ते जातात. मग सहा, आठ, कधी चौदा महिन्यांनी मोबाईलवर एक मेसेज येतो. तो वाचून मला अर्ध्या वेळा समाधान वाटतं आणि अर्ध्या वेळा डोकं खाजवावं लागतं. डोकं खाजवायला लावणाऱ्या मेसेजांबद्दल हे लिहितो आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सर, तुमच्यामुळे आज मी इथं आहे’ एवढं लिहून थांबणं. इथं म्हणजे कुठं? माझ्यामुळे म्हणजे माझ्या कोणत्या बोलण्यामुळे? मी महिन्याला दहा पोरांशी बोलतो, माझ्या काय लक्षात राहणार! बरं, माझी आठवण कमजोर आहे एवढ्यावर हे भागत नाही. अशा मोघम आभारानं पुढच्या पोरांचं नुकसान होतं, आणि हे मी फुकट शिकलेलो नाही.

२०२२ च्या दिवाळीत एक पोरगा आला होता. कृषी पदवीधर, बाप कोरडवाहू शेतकरी, दोन वर्षं राज्यसेवेची तयारी चाललेली. तेव्हा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हणून पोरं गोंधळलेली होती. हा तर राज्यसेवाही धरून होता आणि तलाठी भरतीही. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, दोन डगरींवर पाय ठेवू नको. राज्यसेवा बाजूला ठेव, सरळसेवा धर, आणि घड्याळ लावून कंप्युटरवरच पेपर सोडव. तलाठीच्या परीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न, मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता यांचे पंचवीस-पंचवीस, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिथं निबंधाचा अभ्यास कामाचा नाही, वेग कामाचा. दुसरं, बाहेर खोली करून पैसे घालवू नको, घरीच राहून अभ्यास कर.

२०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परीक्षा झाली. पुढच्या वर्षी निवड यादी लागल्यावर त्याचा मेसेज आला: ‘सर, तुमचं ऐकलं म्हणून झालं. आयुष्यभर ऋणी राहीन.’ खाली हात जोडलेली सहा चित्रं. मी खूश झालो. खुशीत काय केलं, तर पुढच्या तिघांना छातीठोकपणे सांगितलं, ‘घरीच राहा, बाहेर जायची गरज नाही, अमक्यानं घरी बसूनच पोस्ट काढली.’

२०२५ च्या मे महिन्यात तो एका लग्नाच्या मांडवात भेटला. पंगतीत बसल्या बसल्या म्हणाला, ‘सर, अमरावतीला खोली केली नसती तर जमलंच नसतं. घरी पेरणी, मग डवरणी, मग सोंगणी, मग वेचणी. वही उघडली की बाबा म्हणायचे, जरा मोटार चालू करून ये.’ माझा घास हातातच राहिला. माझा अर्धाच सल्ला त्यानं ऐकला होता, तो पहिला अर्धा. दुसरा अर्धा मोडला म्हणूनच त्याचं काम झालं होतं. आणि मी मोडलेला अर्धा तिघांच्या गळ्यात बांधला होता. त्यातल्या दोघांचं एक वर्ष शेताच्या बांधावर गेलं. चूक माझीही होती. मी उलट विचारायला पाहिजे होतं. पण त्यानं दोन ओळी जास्त लिहिल्या असत्या तर विचारावं लागलंच नसतं.

म्हणून आता माझ्याकडे जो कोणी ‘सर, एक आभाराचा मेसेज बघून द्या’ म्हणत येतो, त्याला मी आधी कागदावर चार गोष्टी लिहायला लावतो. सल्ला मिळाला त्या दिवशी मी काय ठरवून बसलो होतो. समोरच्यानं नेमकं कोणतं वाक्य सांगितलं. त्यातलं मी काय केलं आणि काय केलं नाही. आणि आज काय स्थिती आहे, जे अडलंय त्यासकट. पहिली गोष्ट सगळे विसरतात. आधी काय ठरलं होतं ते कळल्याशिवाय निर्णय बदलला की नाही हे वाचणाऱ्याला कसं समजणार?

त्या लग्नानंतर त्याच पोराकडून मी नवा मेसेज लिहून घेतला. असा झाला:

‘नमस्कार सर. २०२२ च्या दिवाळीत अभ्यासिकेत तुम्हाला भेटलो होतो. तेव्हा राज्यसेवा आणि तलाठी दोन्हींचे फॉर्म भरायचे असं ठरवलं होतं. तुम्ही म्हणाला होता, राज्यसेवा सोड आणि घड्याळ लावून पेपर सोडव. मी राज्यसेवेची पुस्तकं त्याच आठवड्यात भावाला देऊन टाकली आणि रोज एक पेपर कंप्युटरवर सोडवला. सुरुवातीला दोन तासांत सत्तर प्रश्न व्हायचे, मे महिन्यापर्यंत शंभरही होऊ लागले. घरी राहा असंही तुम्ही म्हणाला होता, ते मी केलं नाही. जानेवारी ते ऑगस्ट अमरावतीला राहिलो, कारण घरी शेतीचं काम सुटत नव्हतं. निवड झाली. राज्यसेवेचं मन अजून पूर्ण मेलेलं नाही, पण सध्या नोकरी करतो आहे.’

यात ‘ऋणी’ नाही, ‘मार्गदर्शक’ नाही, ‘दीपस्तंभ’ तर नाहीच. तरी तो मेसेज मी जपून ठेवला आहे. ‘ते मी केलं नाही’ हे वाक्य लिहायला तो तीनदा अडखळला. म्हणाला, सर, तुम्हाला वाईट वाटेल. अरे बावा, वाईट दोन पोरांचं वर्ष गेल्याचं वाटतं!

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या नावावर जमा आहे, त्यामुळे तीही जरा सविस्तर सांगतो. बारावीनंतर मी जिनिंगमध्ये हिशेबनीस म्हणून लागायला निघालो होतो. आमच्या हेडमास्तरांनी अडवलं, म्हणाले, कापसाचा हंगाम चार महिन्यांचा, उरलेले आठ महिने काय खाशील? डीएड कर. मी केलं. नोकरी लागली आणि सात महिन्यांनी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. पाया पडलो, सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत होते. आणि मग माझ्या तोंडून निघालं, ‘आणि सर, धाकट्याच्या आश्रमशाळेच्या प्रवेशाचं जरा बघता का?’

त्यांनी चष्मा लावला, पेढ्यांचा पुडा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘हे घेऊन जा. काम असलं तर काम सांग, त्याला पेढे लागत नाहीत.’ धाकट्याचं काम त्यांनी केलं. पण त्या दिवशी मी सांगितलेल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी प्रस्तावना ठरल्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आजची पोरं हेच मेसेजमध्ये करतात. वर पाच ओळी आभार, खाली ‘सर, तेवढी एका ठिकाणी ओळख असेल तर...’ माझा नियम साधा आहे: आभार आणि काम यांच्यात एक पीक निघून जाऊ द्या. काम खरंच तातडीचं असेल तर सरळ कामाचाच फोन करा, आभार नंतर कळवा. उलट क्रम माणसाला खुपत नाही.

तिसरी गोष्ट थोडी वेगळी. बरेच जण यश येईपर्यंत थांबतात. आमच्याकडची एक पोरगी नर्सिंगसाठी एका खाजगी कॉलेजात पैसे भरायला निघाली होती. मी म्हटलं, बाई, आधी त्या कॉलेजला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का बघ, आणि ग्रामीण रुग्णालयात एक दिवस वॉर्डात उभी राहून ये. तिनं दोन्ही केलं. कॉलेजचं नाव यादीत सापडलं नाही, आणि वॉर्डात तिला भोवळ आली. तिनं नर्सिंगचा विचारच सोडला. हे मला चौदा महिन्यांनी तिच्या आईकडून बाजारात कळलं. पोरगी म्हणे, ‘अजून नोकरी लागली नाही, सरांना काय तोंड दाखवू?’ निर्णय बदलला त्याच आठवड्यात बातमी पूर्ण झाली होती. पैसे वाचले, ही कळवायची गोष्ट नव्हती का? आणि तेव्हाच कळलं असतं तर त्याच कॉलेजात निघालेल्या दुसऱ्या पोरीला मी वेळेवर थांबवलं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. गुरुपौर्णिमेचं फिरतं चित्र पाठवून त्यातच उरकू नका. त्या दिवशी तशी चाळीस चित्रं येतात, मी सगळी एकदम पुसतो. एकच मजकूर तीन गुरुजींना पाठवू नका. एकानं पाठवला होता, आणि आम्ही तिघं रोज संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितो. सात मिनिटांचं बोलून रेकॉर्ड केलेलं पाठवू नका, एसटीत ऐकू येत नाही. न विचारता माझा फोटो स्टेटसला टाकू नका. आणि चौकात फ्लेक्स लावणाऱ्याशी मी महिनाभर बोललो नाही. पेढे आणण्याआधी साखरेचं विचारा. मला आहे. घरच्या तुरीची दोन किलो डाळ चालते, पण पोतं नको, त्याचं ओझं होतं.

मोबाईलमध्ये शोधून सापडलेला तयार मजकूर चिकटवणाऱ्यांबद्दल काय बोलू? ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनाने माझ्या जीवनास नवी दिशा लाभली’ असं आमच्या गावातलं कोणतं पोट्टं बोलतं? वर्षभर अभ्यास करायची तयारी असते आणि अर्धा तास आठवून चार ओळी लिहायची नसते.

आता उत्तर आलं नाही तर. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे वाचलं. सोंगणीच्या दिवसांत शेतकरी माणूस मेसेजला उत्तर देत नाही, आणि म्हाताऱ्या मास्तरांना टाइप करायला वेळ लागतो. ‘सर, वाचला का?’ असं विचारू नका. कधी भेट झालीच तर तेच दोन वाक्यांत तोंडी सांगा.

आणि तुम्ही सल्ला देणारे असाल तर आलेल्या आभारावर एक तरी प्रश्न विचारा. त्या तलाठी पोराच्या दुसऱ्या मेसेजला मी उत्तर लिहिलं, ‘अमरावतीच्या खोलीचं भाडं किती होतं तेही कळव, पुढच्याला सांगता येईल.’ रात्री उत्तर आलं: ‘दोघांत मिळून अडीच हजार, सर. पाणी सकाळी एकच तास यायचं, तेही सांगा त्यांना.’