संस्थानिकाच्या जुन्या फोटोची तारीख कशी काढायची?

फोटोवर साल नसलं, तर आधी फोटो ज्यावर चिकटवलाय त्या पुठ्ठ्याची मागची बाजू बघा.

१. 'राजा दीनदयाळ' असं छायाचित्रकाराचं नाव आणि मुंबईचा पत्ता छापला असेल, तर पुठ्ठा १८९६चा किंवा नंतरचा. त्यांचा मुंबईतला स्टुडिओ त्याच वर्षी निघाला.

२. मग छातीवरची पदकं. १९०३च्या दिल्ली दरबाराचं पदक दिसलं, तर फोटो त्याआधीचा नाही. पदक नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही. घरी राहिलं असेल!

३. मागच्या रंगवलेल्या पडद्यावरचा खांब, सुरकुती, डाग त्याच स्टुडिओच्या साल माहीत असलेल्या फोटोंशी जुळवा.

फक्त पुठ्ठ्यावर विसंबू नका. जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून पुढे नव्या प्रती काढत, तेव्हा पुठ्ठा प्रतीचं वय सांगतो, पदक चेहऱ्याचं.