सार्वजनिक वायफायवर व्हीपीएन: या चुका टाळा

रेल्वे स्टेशन, विमानतळ किंवा कॅफेच्या वायफायला जोडताना बरेच जण व्हीपीएन चालू करतात आणि मग निर्धास्त होतात. हा निर्धास्तपणा अर्धाच योग्य आहे. तुमचा फोन आणि व्हीपीएन कंपनीचा सर्व्हर यांच्यामधला टप्पा व्हीपीएन झाकतो. या झाकलेल्या वाटेला बोगदा म्हणतात. हा बोगदा तयार होण्याआधी जे घडतं आणि तो संपल्यानंतर पुढे जे घडतं, त्यावर व्हीपीएनचा काहीच ताबा नसतो. लोक फसतात ते बहुतेक या दोन ठिकाणीच.

आधी झाकलं काय जातं ते पाहू. बँकेचं अॅप किंवा `https` असलेलं संकेतस्थळ यांचा मजकूर व्हीपीएन नसतानाही कूटबद्ध असतो. शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तुमचा पासवर्ड वाचता येत नाही. पण तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे वायफाय चालवणाऱ्याला सहसा कळतं. संकेतस्थळाचा पत्ता शोधणारी डीएनएस विचारणा बहुधा उघडीच जाते आणि जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचं नावही उघडं दिसतं. व्हीपीएन हे दोन्ही झाकतं. मग वायफायवाल्याला दिसतो तो फक्त व्हीपीएन सर्व्हरचा आयपी पत्ता, आणि किती डेटा आला-गेला तो आकडा.

चूक पहिली: लॉगिन पान उघडण्याच्या वेळी व्हीपीएनवर विसंबणं

स्टेशनवरच्या रेलवायरसारख्या सेवेत वायफाय जोडल्यावर एक पान उघडतं. तिथे मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी भरायचा, मग इंटरनेट सुरू होतं. हे पान व्हीपीएनच्या आतून उघडत नाही, कारण लॉगिन होईपर्यंत व्हीपीएन सर्व्हरपर्यंत वाटच मोकळी नसते. म्हणजे सगळ्यात धोक्याचा क्षण बोगद्याबाहेरच असतो. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतं आणि तसंच दिसणारं पान दाखवू शकतं. तुम्ही त्यात स्वतःच्या हातांनी माहिती भरलीत, तर व्हीपीएन काही करू शकत नाही.

म्हणून त्या पानावर नंबर आणि त्याच पानासाठी आलेला ओटीपी, एवढंच द्या. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. मेसेजमध्ये बँकेचं किंवा व्हॉट्सअॅपचं नाव असेल, तर तो ओटीपी वायफायचा नाही, तुमचं खातं कुणीतरी उघडू पाहतंय. वायफायसाठी जीमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर मागितला, किंवा एपीके म्हणजे अँड्रॉइड अॅपची फाइल उतरवायला सांगितलं, तर तिथूनच मागे फिरा. फुकट सेवेला यातलं काहीच लागत नाही.

लॅपटॉपवर आणखी एक अडचण येते. व्हीपीएन जोडलेलं नसताना सगळं इंटरनेट रोखणारा, व्हीपीएन अॅपमधला किल स्विच चालू असेल तर लॉगिन पान उघडतच नाही आणि वायफाय बंद पडल्यासारखं वाटतं. किल स्विच तात्पुरता बंद करा, ब्राउझरमध्ये `http://neverssl.com` उघडा, लॉगिन करा आणि लगेच व्हीपीएन व किल स्विच दोन्ही चालू करा. मेल, ड्राइव्ह, चॅट ही अॅप आधीच बंद ठेवा, कारण इंटरनेट सुरू होताच ती पहिल्या काही सेकंदांत स्वतःहून आपापल्या सर्व्हरशी जोडतात आणि ती रहदारी उघड्या वाटेने जाते.

चूक दुसरी: जोडणी तुटली तरी न कळणं

स्टेशनवर सिग्नल कमी-जास्त होतो, फोन झोपतो, व्हीपीएन तुटतं. अॅप मात्र काही न सांगता थेट वायफायवरून चालू राहतात. अँड्रॉइडवर याला चांगला उपाय आहे. सेटिंगमध्ये `VPN` शोधा, तुमच्या व्हीपीएनच्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा, आणि `Always-on VPN` व `Block connections without VPN` दोन्ही चालू करा. दुसरा पर्याय महत्त्वाचा आहे. फक्त पहिला चालू असेल, तर व्हीपीएन पुन्हा जोडलं जाईपर्यंतची फट उघडीच राहते. हे लावलं तरी इंटरनेट चालू आहे का हे तपासणारी अँड्रॉइडची स्वतःची छोटी विचारणा बाहेरून जाते. त्यात तुमचा मजकूर नसतो.

व्हीपीएन जोडतच नसेल, नुसतं फिरत राहत असेल, तर लोक कंटाळून ते बंद करतात. कारण बहुधा साधं असतं: बरीच व्हीपीएन अॅप वापरतात तो वायरगार्ड हा प्रोटोकॉल यूडीपी या पद्धतीने डेटा पाठवतो आणि काही सार्वजनिक वायफाय यूडीपी अडवतात. अॅपच्या सेटिंगमध्ये प्रोटोकॉल बदलून ओपनव्हीपीएन टीसीपी निवडा आणि पोर्ट निवडता येत असेल तर 443 घ्या. त्याच पोर्टवरून `https` जातं, म्हणून ते सहसा कुणी अडवत नाही. वेग थोडा कमी होईल, पण काम होईल.

चूक तिसरी: चावीचं चिन्ह दिसलं म्हणजे झालं असं समजणं

व्हीपीएन चालू असताना स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दिसणारं चावीचं चिन्ह एवढंच सांगतं की बोगदा उभा आहे. सगळी रहदारी त्यातूनच जातेय, हे ते सांगत नाही. इंटरनेटवर पत्त्यांचे दोन प्रकार चालतात, जुना आयपीव्ही4 आणि नवा आयपीव्ही6. काही व्हीपीएन आयपीव्ही4 झाकतात आणि आयपीव्ही6 तसंच सोडतात. लॅपटॉपच्या टर्मिनलमध्ये हे दोन आदेश व्हीपीएन बंद असताना एकदा आणि चालू असताना एकदा चालवा:

```
curl https://api.ipify.org
curl https://api6.ipify.org
```

पहिल्याचा पत्ता व्हीपीएन चालू केल्यावर बदलायला हवा. दुसऱ्यात एकतर जोडणी होत नाही असा संदेश यावा किंवा तोही पत्ता बदलावा. दुसऱ्याचा पत्ता दोन्ही वेळा तोच आला, तर तुमचं आयपीव्ही6 बोगद्याबाहेरून जातंय. व्हीपीएन अॅपमध्ये आयपीव्ही6 रोखण्याचा पर्याय शोधा. नसेल, तर त्या वायफायसाठी लॅपटॉपवर आयपीव्ही6 बंद करा. `Split tunneling` चालू आहे का तेही बघा, कारण त्यातून वगळलेली अॅप सरळ बाहेर जातात.

यापेक्षा खोल एक त्रुटी मे 2024 मध्ये टनेलव्हिजन या नावाने समोर आली. वायफायला जोडल्यावर लॅपटॉप डीएचसीपी या पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून आपला पत्ता घेतो. त्याच जाळ्यातला हल्लेखोर डीएचसीपीच्या पर्याय क्रमांक 121 मधून लॅपटॉपला नवे मार्ग शिकवू शकतो, आणि रहदारी बोगदा सोडून त्याच्याकडे वळते. व्हीपीएन मात्र जोडलेलंच दिसतं. अँड्रॉइड हा पर्याय मानत नाही, म्हणून तो यातून सुटतो. महत्त्वाचं काम लॅपटॉपवर करायचं असेल, तर अनोळखी वायफायऐवजी स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट वापरा.

चूक चौथी: बोगद्याच्या पलीकडचं विसरणं

वायफायवाल्याला जे दिसणार होतं ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. भरवसा नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या हातात जातो. फुकट व्हीपीएन निवडताना हे आठवा. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं. त्यामुळे एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले.

आणि खोट्या बँकेच्या लिंकवर तुम्ही यूपीआय पिन टाकलात, तर व्हीपीएन तो पिन अगदी सुरक्षितपणे चोराच्या सर्व्हरपर्यंत पोहोचवेल. फोनवर दूरून ताबा देणारं अॅप कुणाच्या सांगण्यावरून बसवलं, तरी हेच. गुगलमध्ये लॉगिन असाल, तर आयपी बदलला तरी गुगल तुम्हाला ओळखतं. बँकेचं अॅप परदेशी आयपी पाहून अडून बसलं, तर व्हीपीएन बंद करून त्याच वायफायवर पुन्हा प्रयत्न करण्याऐवजी वायफाय बंद करा आणि तो व्यवहार मोबाइल डेटावर करा.